अर्थ आधी, अभंग नंतर: भाषणात ओळ भिडते कशी

निरोप समारंभ कुठलाही असो, 'जे का रंजले गांजले' हमखास कानावर पडतं. वक्ता उभा राहतो, आदरणीय व्यासपीठाला वंदन करतो आणि लगेच सुरू करतो, "जगद्गुरू संत तुकाराम महाराजांनी म्हटलेलंच आहे..." तेवढ्यात सभागृहातल्या निम्म्या लोकांनी उरलेला अभंग मनात म्हणूनही टाकलेला असतो. पुढे वक्ता अर्थ सांगतो, मग सत्कारमूर्तींना तो अर्थ लावतो, आणि टाळ्या पडतात त्या भाषण संपल्याच्या. अभंग इतका मोठा, पण त्या क्षणी तो कुणालाच भिडलेला नसतो.

याला बऱ्याच अंशी आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा कारणीभूत आहेत. तिथे शिकवलेला क्रम असा: सुरुवातीला ओळ, मग तिचा अर्थ, मग उदाहरण. निबंधाला हा क्रम चालतो, कारण वाचणाऱ्याला मागे वळून ओळ पुन्हा वाचता येते. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्याच्या कानावर ओळ एकदाच पडते, आणि त्या वेळी तिच्यात भरायला त्याच्याजवळ काही नसेल तर ती रिकामीच निघून जाते. मागून कितीही अर्थ सांगितला तरी तो क्षण परत येत नाही.

काही जण म्हणतील, कीर्तनात तर अभंग आधीच घेतात. बरोबर आहे. पण कीर्तनकार पुढे काय करतात तेही पाहायला हवं. वारकरी कीर्तनात धृपद टाळकरी पुन्हा पुन्हा उचलून धरतात. प्रत्येक चरणाचं चिंतन झालं की श्रोता त्याच धृपदावर परत येतो, आणि दर वेळी ते आधीपेक्षा भरलेलं असतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ पदाचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं आणि शेवटी बुवा आख्यानाचा सांधा पुन्हा मूळ पदाशी जुळवतात. डोळ्यांत पाणी येतं ते बहुतेक वेळा या शेवटच्या फेरीत. तेच पद सुरुवातीला ऐकताना येत नाही. पाच मिनिटांच्या भाषणात आपण कीर्तनाची सुरुवात उचलतो आणि ही परतफेरी गाळतो. वेळ कमी असेल तर उलट करायला हवं. सुरुवात गाळायची आणि ओळ थेट परतफेरीच्या जागी ठेवायची.

म्हणजे ओळीचा अर्थ, तिच्यातले अवघड शब्द, ती कुणाची हे सगळं ओळीच्या आधी येऊन गेलं पाहिजे आणि ओळीनंतर काहीही उरता कामा नये. ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न तयार झालेला असावा आणि ओळ त्याचं उत्तर म्हणून यावी. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणावर सविस्तर बघू.

समजा, एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत आहेत आणि एका शिक्षकाला पाच मिनिटं बोलायचं आहे. बाईंबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्याच्या मनात एक गोष्ट घर करून आहे. शाळेत एक मुलगा होता, आईवडील दोघंही गेलेले, नातेवाइकांकडे राहणारा. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही आणायला सांगितलं की तो ते तसंच परत आणायचा. बाईंना हे कळलं. तेव्हापासून तो शाळेतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या प्रगतिपुस्तकावर मुख्याध्यापकांच्या जागी बाईंची सही असायची आणि पालकाच्या जागीही बाईंचीच.

आता ओळ निवडायची. 'रंजले गांजले' पहिल्यांदा आठवणारच, आणि या गोष्टीला ते लागूही पडतं. अडचण एवढीच की ते फार ऐकलेलं आहे. 'जे का' एवढं उच्चारलं की श्रोत्याचं ऐकणं थांबतं, कारण पुढचं त्याला पाठ असतं. पण हा अभंग पहिल्या दोन चरणांवर संपत नाही, आणि पुढचं फार थोड्यांच्या तोंडी असतं. पुढे लोण्यासारख्या मऊ चित्ताचा चरण आहे. त्यानंतर 'ज्यासी आपंगिता नाही, त्यासी धरी जो हृदयी' आहे. आणि त्याच्याही पुढे 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी' आहे. पाठ असलेल्या अभंगातला पाठ नसलेला चरण घेण्यात मोठा फायदा आहे. श्रोत्याला तो परका वाटत नाही आणि तरी तो कान देऊन ऐकतो.

या दोनांपैकी कोणता? 'दासा आणि दासी' ऐकायला फार सुंदर आहे, आणि बाई शाळेतल्या सेवकांशीही घरच्यासारख्या वागत असतील तर अर्थानेही चपखल बसेल. पण सभागृहात शाळेचे शिपाईकाका आणि सफाईचं काम करणाऱ्या मावशी बसलेल्या आहेत. 'दासी' हा शब्द ऐकताच चार माना त्यांच्याकडे वळतील. तुकोबांच्या मनात तसं काही नव्हतं, पण माना वळायच्या थांबत नाहीत. ओळ निवडताना बाईंना ती कशी लागू पडते एवढंच पाहून भागत नाही, ती समोर बसलेल्या प्रत्येकाला कशी ऐकू येईल तेही पाहावं लागतं. म्हणून 'आपंगिता' घेऊ.

इथे दुसरी अडचण येते. 'आपंगिता' हा शब्द आज बोलण्यात नाही. आपंगणे म्हणजे आपलं म्हणून जवळ करणं, सांभाळ करणं, आणि तसं करणारा तो आपंगिता. अर्थ आधी दिला नाही तर निम्म्या लोकांना त्यात 'अपंग' ऐकू येईल आणि ओळीचा भलताच अर्थ लागेल. ओळीनंतर समजावत बसलं तर ओळ गेलीच. तेव्हा शब्दाची ओळख ओळीच्या बरीच आधी, सहज बोलता बोलता करून द्यायची. ते भाषण साधारण असं होईल:

"प्रगतिपुस्तकाच्या शेवटी तीन रकाने असतात. वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक. पहिले दोन आमचे. तिसरा घरचा. जुन्या मराठीत या घरच्या माणसाला एक फार गोड शब्द आहे, आपंगिता. आपलं म्हणून जवळ घेणारा. तुकोबांनी तो वापरलाय. आपल्या शाळेत एक मुलगा होता. त्याचं प्रगतिपुस्तक दर सत्राला परत यायचं, तिसरा रकाना कोरा ठेवून. मी त्याला एकदा रागावलो, सही का आणत नाहीस म्हणून. तो काही बोलला नाही. पुढच्या सत्रात त्याचं पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा तिसरा रकाना भरलेला होता. मी सही पाहिली आणि ओळखीची वाटली. मग वरच्या रकान्यातली सही पाहिली. दोन्ही सह्या एकाच हातच्या होत्या. बाईंनी आम्हाला याबद्दल कधी काही सांगितलं नाही. तो दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत दोन्ही रकान्यांत त्यांचीच सही होती. ज्यासी आपंगिता नाही... त्यासी धरी जो हृदयी."

आणि इथे थांबायचं. 'म्हणजेच ज्याला कोणी नाही त्याला' वगैरे पुढे काही नाही. 'बाई खऱ्या अर्थाने अशाच होत्या' हेही नको. ते श्रोत्याने स्वतःशी म्हणायचं आहे. वक्त्याने मोठ्याने म्हटलं तर त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

या परिच्छेदात काय काय घडलं ते पाहा. 'आपंगिता' अर्थासकट पहिल्या पाच-सहा वाक्यांतच येऊन गेला, आणि तोही कोऱ्या रकान्याला चिकटून. त्यामुळे पुढे कोरा रकाना आला की शब्द आपोआप जागा होतो. तुकोबांचं नावही तिथेच घेऊन झालं, म्हणून ऐन ओळीच्या तोंडावर 'तुकाराम महाराज म्हणतात' असं म्हणावं लागलं नाही. त्या एका वाक्याने फार नुकसान होतं. आता सुविचार येणार अशी ती दवंडीच असते, आणि श्रोता गोष्टीतून उठून व्याख्यान ऐकायच्या बैठकीत येतो. गोष्टीत 'दया', 'माया', 'थोर मन', 'देवमाणूस' हे शब्द कुठेही आलेले नाहीत हेही पाहा. ओळ ज्या भावनेचं नाव घेणार आहे, ते नाव आधीच उच्चारलं तर ओळीला करायला काम राहत नाही. गोष्टीत फक्त वस्तू आणि घडलेलं सांगायचं. रकाना, सही, पुन्हा सही. 'हृदय' हा शब्द पहिल्यांदा तुकोबांच्या तोंडून येऊ द्यायचा.

ओळीच्या लगेच आधीचं वाक्य साधं आणि छोटं असावं, आणि त्यात माहिती पूर्ण झालेली असावी. 'दोन्ही रकान्यांत त्यांचीच सही होती' हे वाक्य ऐकून श्रोत्याला काहीतरी वाटतं, पण त्याला काय म्हणायचं ते सुचत नाही. हीच ती जागा. याच जागेवर एखादं भारदस्त वाक्य ठेवलं, समजा 'असं निरपेक्ष प्रेम आजच्या काळात दुर्मिळ आहे', तर तेच ओळीची जागा खाऊन बसतं.

म्हणण्याबद्दल थोडं. हा अभंग आठ-आठ अक्षरांच्या चरणांचा आहे. 'ज्यासी आपंगिता नाही' मोजलं तर आठ अक्षरं भरतात, 'त्यासी धरी जो हृदयी' हीही आठ, आणि दोन्ही चरण शेवटी यमकाने जुळतात. म्हणून पहिल्या चरणानंतर थांबायचं, पण आवाज खाली टाकायचा नाही. आवाज पडला की वाक्य संपल्यासारखं वाटतं. 'नाही' वर आवाज तसाच धरून एक श्वास थांबलं की यमकाची ओढ आपलं काम करते आणि कान दुसऱ्या चरणाची वाट पाहू लागतो. दुसरा चरण किंचित हळू म्हणायचा. चाल लावायची नाही. गाता गळा असला तरी नाही, कारण चाल लागली की लोक गाणं ऐकू लागतात. आणि कागदात किंवा मोबाइलमध्ये पाहून तर मुळीच म्हणायचं नाही. बाकीचं भाषण वाचून दाखवलं तरी लोक चालवून घेतात, पण दोन चरणही पाठ नसतील तर ते वक्त्याच्या मनातले नाहीत हे लगेच कळतं. त्या सोळा अक्षरांपुरती नजर वर हवी. कुणाकडे? बाईंकडे पाहिलं तर त्या संकोचतील. श्रोत्यांकडे पाहिलेलं बरं.

एक जबाबदारी यात आहे. त्या मुलाची गोष्ट सांगायची तर त्याची परवानगी आधी घ्यावी लागेल. नाव आणि वर्ष गाळलं तरी गावात माणूस ओळखला जातो. तो नको म्हणाला तर ही गोष्ट सोडायची, आणि गोष्ट सुटली तर हा चरणही सोडायचा. गोष्टीशिवाय नुसता चरण राखायचा मोह होतो, पण त्या सभागृहात त्याला आधार उरलेला नसतो.

म्हणींचं गणित थोडं निराळं आहे. अभंगाचा चरण श्रोत्याला पाठ नसू शकतो, म्हण मात्र सगळ्यांना पाठ असते. 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकून कुणाच्याही डोळ्यांसमोर आता थेंबही येत नाही आणि तळंही येत नाही. इतकी ती वापरून गुळगुळीत झाली आहे. अशा म्हणीत जीव आणायचा तर तिच्यातली वस्तू पुन्हा खरीखुरी करून दाखवावी लागते.

समजा, पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेत छतावरचं पाणी साठवण्याचा ठराव मांडायचा आहे. म्हण आधी म्हटली तर लोक चहाची वाट बघू लागतील. त्याऐवजी असं सांगता येईल: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आपली गच्ची ३०० चौरस मीटरची आहे, तेव्हा एक मिलिमीटरला ३०० लिटर. एक मिलिमीटर म्हणजे अंगण नुसतं ओलं होतं, आपण त्याला पाऊसही म्हणत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी १ लाख ६८ हजार लिटर हाती राहतं. उन्हाळ्यात आपण १० हजार लिटरचा टँकर मागवतो, तसे जवळजवळ सतरा टँकर. हे गटारात जातं.

इथपर्यंत आल्यावर वक्त्याने फक्त 'थेंबे थेंबे...' एवढंच म्हणून थांबावं. उरलेलं सभाच म्हणेल, आणि या वेळी म्हणताना प्रत्येकाला आपली गच्ची दिसत असेल. माहीत असलेल्या म्हणीचा हा हक्काचा उपयोग आहे: अर्धी वक्त्याची, अर्धी सभेची. ठराव मग सगळ्यांचाच होतो. मात्र सभेला पाठ नसलेल्या ओळीवर हा प्रयोग करू नये. अर्धी ओळ सोडून वक्ता थांबला आणि पुढे शांतता पसरली की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. शंका असेल तर पूर्ण ओळ आपणच म्हणावी.

म्हणी निवडताना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आपल्या जुन्या म्हणींत जातींवर, बायकांवर, आंधळ्या-पांगळ्यांवर केलेल्या शेरेबाजीचा साठा मोठा आहे. घरात बोलताना त्यातली एखादी निसटते, तीच माइकवरून गेली की ज्याला लागायची त्याला लागते. 'आंधळं दळतं' ही कारभारातल्या गोंधळाला बरोबर बसते म्हणून ती वापरण्याचा हट्ट नको. मराठीत गोंधळाला शब्द कमी नाहीत.

ओळ मुळात कुठल्या संदर्भात आली आहे तेही पाहून घ्यावं. पसायदानातलं 'जो जे वांछील तो ते लाहो' लग्नात आणि उद्घाटनांत आशीर्वाद म्हणून वापरतात, ज्याला जे हवं ते मिळो या अर्थाने. पण ज्ञानेश्वरांनी त्याआधी खळांची व्यंकटी सांडो, त्यांना सत्कर्मांची गोडी लागो, दुरिताचा अंधार जावो, असं सगळं मागून घेतलं आहे. मनं स्वच्छ झाल्यावरच्या इच्छांबद्दल ते बोलत आहेत. समोर एक जरी जाणकार बसला असेल तर सुटी काढलेली ओळ त्याला खटकते. त्यातून भाषणासाठी लाभच होऊ शकतो, कारण आधीची ती मागणी गोष्टीत मांडली की 'वांछील' या शब्दाला वेगळंच वजन येतं.

तयारी करताना ओळ नीट बसली आहे की नाही हे कळायला एक सोपी कसोटी आहे. घरातल्या कुणाला तरी ओळ गाळून भाषण म्हणून दाखवायचं. ओळीच्या जागी नुसतं थांबायचं. समोरचा "हं, मग?" असं विचारत असेल, किंवा काहीतरी म्हणायला तोंड उघडत असेल, तर तिथे खरंच जागा आहे आणि ओळ ती भरून काढेल. तो "छान आहे" म्हणाला आणि त्याला काहीच उणं वाटलं नाही, तर ओळ शोभेची आहे. मग ती काढून टाकावी, किंवा तिच्या आधीची दोन-तीन वाक्यं काढावीत, कारण बहुधा ओळीने सांगायचं ते त्या वाक्यांनीच सांगून टाकलेलं असतं. प्रत्यक्ष सभेत खूण वेगळी असते. ओळीनंतर लगेच टाळी पडली तर ती ओळखीच्या ओळीला मिळालेली टाळी असू शकते. आधी क्षणभर शांतता आणि मग टाळी आली तर ओळ पोहोचली.

एका भाषणात अशी जागा एकच. दुसरी ओळ आली की पहिली पुसली जाते, आणि तिसरीला वक्त्याचं पाठांतर लोकांच्या लक्षात राहतं. परदेशातल्या मराठी मंडळात तर एकच पुष्कळ झाली, कारण तिथे पुढच्या रांगेत आजी-आजोबा असतात आणि मागे मराठी समजणारी पण न वाचणारी मुलं. तिथे गोष्ट आणखी सावकाश सांगावी. गोष्ट मुलांना कळली असेल तर 'आपंगिता'ही त्यांना कळतो.

शेवटी राहिली ती नेहमीची आपत्ती: आपण तयार केलेली ओळ आपल्या आधीचाच वक्ता म्हणून बसतो. निरोप समारंभात सातआठ वक्ते असतात आणि हे होतंच. अशा वेळी ती ओळ पुन्हा म्हणायची नाही आणि ऐन वेळी दुसरीही शोधायची नाही. गोष्ट ठरवल्याप्रमाणे पूर्ण सांगायची, 'दोन्ही रकान्यांत त्यांचीच सही होती' इथपर्यंत यायचं, ओळीसाठी ठेवलेला तो थांबा तसाच घ्यायचा आणि म्हणायचं, "सर मघाशी जो चरण म्हणाले, तो मला त्या प्रगतिपुस्तकात दिसला." चरण सगळ्यांच्या कानात अजून असतोच, आणि सरांनाही बरं वाटतं.